बायोडेटातली सात वर्षं

सोमवार, 3 नोव्हेंबर 2025, नाशिक

सकाळी ताईंचा फोन आला. सातपूरच्या जुन्या कंपनीत त्या एचआर बघायच्या आणि मी अकाउंट्समध्ये होते. अंबड एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्स करणाऱ्या एका कंपनीला सीनियर अकाउंटंट हवा आहे, पंधरा दिवसांत बायोडेटा पाठव, म्हणाल्या. त्यांच्या ओळखीने फक्त बायोडेटा वाचला जाईल. पुढचं माझं मला.

दुपारी आई झोपल्यावर जुनी फाइल उघडली. 2007 ते 2018 पर्यंत सगळं नीट आहे. आधी अकाउंट्स असिस्टंट, मग अकाउंटंट, शेवटची तीन वर्षं सीनियर. सप्टेंबर 2018 नंतर काहीच नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, पक्षाघात झाला तो महिना. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. महिनाअखेरीस मी राजीनामा दिला.

ही जागा कशी भरायची यावर लोक तऱ्हेतऱ्हेचे सल्ले देतात. भाचीने इंटरनेटवरून एक नमुना काढून दिला. त्यात वर कौशल्यांची मोठी यादी आहे आणि नोकऱ्यांच्या तारखा खाली बारीक अक्षरात एका ओळीत. संध्याकाळी तो ताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अगं, बायोडेटा हातात आला की आम्ही पहिल्यांदा तारखाच बघतो. त्या सापडल्या नाहीत की समजतो, इथे काहीतरी आहे. मग सबंध मुलाखतभर तेच शोधत बसतो."

म्हणून साधाच बायोडेटा ठेवला, शेवटची नोकरी वर आणि त्याखाली आधीच्या. सर्वांत वर आणखी दोन ओळी घातल्या. जुलै 2025 पासून : सीए ऑफिसमध्ये अर्धवेळ लेखासाहाय्यक. सप्टेंबर 2018 ते जून 2025 : कुटुंबातील आजारी व्यक्तीची पूर्णवेळ काळजी, या काळात नोकरी नाही. शेवटचे चार शब्द ठेवावेत का, यावर बराच विचार केला आणि ठेवले. ते असले की "मधे काही छोटंमोठं करत होता का" या प्रश्नाला जागा उरत नाही.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

आज पीएफचं काम केलं. नवी कंपनी पडताळणी करते तेव्हा पीएफची सेवानोंद बघणं हा सोपा मार्ग असतो. कोणत्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते तिथे तारखेनिशी दिसतं. यूएएन एकच असतो, माणूस कितीही कंपन्या बदलो.

पोर्टलवर View मध्ये Service History उघडलं. जुन्या कंपनीसमोर रुजू झाल्याची तारीख होती, सोडल्याची नव्हती. कंपनीने ती भरलीच नव्हती. म्हणजे कागदोपत्री मी सात वर्षं तिथेच नोकरीला आहे. मी मुलाखतीत खरं सांगायचं आणि नोंदीने मला खोटं पाडायचं, असा प्रकार झाला असता. नव्या कंपनीने पैसे भरायला सुरुवात केली की दोन नोकऱ्या एकावर एक आलेल्या दिसल्या असत्या आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवतानाही अडलं असतं.

ही तारीख सदस्याला स्वतः भरता येते. आधार जोडलेलं हवं आणि आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. शेवटचा हप्ता भरल्याला दोन महिने उलटलेले असले की Manage मध्ये Mark Exit निवडायचं, कंपनी निवडायची, तारीख आणि कारण द्यायचं. तारीख शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा आहे त्याच महिन्यातली लागते. माझा शेवटचा हप्ता सप्टेंबर 2018 चा आणि कार्यमुक्तीचं पत्र 29 सप्टेंबरचं, तेव्हा अडचण आली नाही. एकदा भरलेली तारीख सहजी बदलता येत नाही म्हणून पत्र समोर ठेवून दोनदा वाचली, मग ओटीपी टाकला.

कार्यमुक्तीचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि त्या वर्षाचा फॉर्म 16 एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवलं. आता मी सांगेन ती तारीख आणि नोंदीतली तारीख एकच आहे.

शनिवार, 8 नोव्हेंबर

चुलत दीर आले होते. पंचवटीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, मालक ते एकटेच. त्यांनी मनापासून सुचवलं, "वहिनी, मी लिहून देतो की 2019 पासून तुम्ही माझ्याकडे अकाउंट्स बघत होता. सही-शिक्का आहेच. कशाला त्या सात वर्षांची लाज?"

त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी त्यांना सगळं उलगडून सांगितलं. समजा मी ते पत्र दाखवलं. मुलाखत घेणारा अकाउंट्सचाच माणूस असणार. तो विचारेल, तिथे ई-इन्व्हॉइस करत होता का? ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झाली आणि टप्प्याटप्प्याने ती मर्यादा ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आली. भावजींच्या दुकानाची उलाढाल त्याच्या जवळपासही नाही. हो म्हटलं तर पकडली जाणार. नाही म्हटलं तर तो विचारेल, मग एडिट लॉग कसा सांभाळलात? हिशेबात केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर एप्रिल 2023 पासून कंपन्यांना सक्तीचं आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला तो नियम नाही. पगार कसा घ्यायचा? रोख. पीएफ? नाही. म्हणजे ज्या अनुभवाने मी सात वर्षं झाकायची, त्या अनुभवात मोठ्या कंपनीला उपयोगी असं काही नाहीच. शिवाय प्रत्येक उत्तराला आणखी एक उत्तर जोडत बसायचं.

"आणि लाज कसली, भावजी? आईंसाठी घरी होते," मी म्हटलं. त्यावर ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "नाही, ते खरंच."

कोणी असंही सुचवलं होतं की कोविडवर ढकलून दे, तेव्हा कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. टाळेबंदी मार्च 2020 ची आणि माझा राजीनामा 2018 चा. दीड वर्ष आधीच्या राजीनाम्याला ते कारण कसं लागणार? आणि खरं कारण पुरेसं असताना दुसऱ्याचं कारण उसनं का घ्यायचं?

सोमवार, 10 नोव्हेंबर

सीए ऑफिसात उद्याच्या जीएसटीआर-1 ची गर्दी. महिन्याची 11 तारीख विक्रीच्या विवरणाची, 20 तारीख कर भरण्याच्या विवरणाची. अकाउंट्सच्या लोकांचा महिना असाच कापला जातो. बायोडेटा आजच पाठवला आणि ताईंना सांगितलं की मुलाखतीची तारीख विचारलीच तर 20 नंतरची मागा. तेव्हा समोरच्या माणसाचं डोकं जागेवर असतं.

जुलैपासून इथे रोज दुपारी चार तास येते. त्या वेळेपुरती एक मावशी आईंजवळ बसते. मानधन थोडं आहे. नोकरी सोडली तेव्हा जीएसटीला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. तेव्हा पुरवठादाराने बिल चढवलं नसलं तरी आपल्याकडे बिल आहे म्हणून आम्ही कराची वजावट घेत असू. 2022 पासून जे बिल जीएसटीआर-2बी मध्ये दिसत नाही त्याची वजावट घेता येत नाही. त्यामुळे दर महिन्याच्या 14 तारखेला 2बी तयार झालं की खरेदीच्या नोंदी त्याच्याशी एकेक करून जुळवणं हे अकाउंटंटचं मुख्य काम होऊन बसलं आहे. टॅली ईआरपी 9 जाऊन टॅलीप्राइम आलं. लहान उद्योगांची बिलं 45 दिवसांत भरली नाहीत तर ती रक्कम भरेपर्यंत खर्चात धरता येत नाही. यंदा 22 सप्टेंबरपासून जीएसटीचे दरच बदलले.

वहीच्या एका पानावर दोन रकाने केले. डावीकडे मी स्वतः हाताने केलेलं काम, उजवीकडे नुसतं वाचलेलं किंवा पाहिलेलं. 2बी जुळवणी, टीडीएसची चलनं, टॅलीप्राइममधल्या नोंदी डावीकडे गेल्या. ई-इन्व्हॉइस इथल्या एका अशिलासाठी सरांच्या देखरेखीखाली केली आहे, एकटीने नाही, तेव्हा मधे रेघ मारून तसंच लिहिलं. कंपनीचं लेखापरीक्षण 2018 नंतर हाताळलेलं नाही. ते उजवीकडे.

बुधवार, 12 नोव्हेंबर

संध्याकाळी ताईंकडे गेले. त्या टेबलापलीकडे बसल्या आणि विचारलं, "2018 नंतर काय केलंत?" मी सांगायला लागले. सकाळी आईंचा चहाचा कप हातातून पडला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, हॉस्पिटल, नाकातली नळी, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी, पुढे फिजिओथेरपी. त्यांनी मधे थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे आणि मला रडू येतंय. पण समोरचा आता तुला टॅलीचा प्रश्न विचारायला संकोचेल. त्याने तुला कामावर घ्यायचंय, तुझं सांत्वन करायचं नाहीये."

मग आम्ही दोघींनी बसून उत्तर बांधलं. ऐकणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात : का सोडलं, मधे काय केलं, आणि आता काय बदललं म्हणून तुम्ही येऊ शकता. तिसरी सर्वांत महत्त्वाची आणि तीच बहुतेक जण सांगत नाहीत, असं ताईंचं म्हणणं. इतकी वर्षं त्यांनी टेबलाच्या पलीकडून बघितलं आहे. माणूस कारणापाशीच रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती परिस्थिती अजून चालूच राहते.

शेवटी उरलं ते असं : "सप्टेंबर 2018 मध्ये माझ्या सासूबाईंना गंभीर आजार झाला आणि त्यांच्याजवळ पूर्णवेळ माणूस लागणार होतं, म्हणून मी नोकरी सोडली. जवळजवळ सात वर्षं मी तेच केलं. दुसरी कुठलीही नोकरी केली नाही. आता त्यांची तब्येत स्थिर आहे आणि दिवसभराच्या मदतीची सोय झाली आहे, म्हणून मी पूर्णवेळ काम करू शकते. जुलैपासून एका सीए ऑफिसात अर्धवेळ जाते आणि तिथे 2बी जुळवणीचं काम माझ्याकडे आहे." म्हणायला अर्धं मिनिट लागतं. शेवटचं वाक्य कामावर येऊन थांबतं आणि पुढचा प्रश्न कामाचा येतो.

मी एक विचारलं : काळजी घेताना वेळेचं नियोजन आलं, औषधांचा हिशेब आला, मेडिक्लेमचे दावे आले, हे कौशल्य म्हणून सांगू का? ताई म्हणाल्या, बरेच जण सांगतात. मला मात्र ते नको वाटलं. आईंना भरवणं म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट नव्हतं. ते स्वतःच एक पूर्ण काम होतं आणि ते करण्यासारखं होतं म्हणून केलं. त्याला ऑफिसचे कपडे चढवले तर त्याचीही किंमत कमी होते आणि अकाउंट्सच्या माणसाला ते पटतही नाही.

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

रात्री आईंच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालता घालता उत्तर मोठ्याने म्हणत होते. त्यांना सगळं समजतं. शब्द थोडेच उरलेत : हो, नको, ह्यांचं नाव, देवाचं नाव, आणि आकडे. सराव म्हणून ताईंनी विचारलेला एक जोडप्रश्नही घेतला : "आजार नेमका काय होता?" आणि मी म्हटलं, "पक्षाघात. त्या दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, सगळं अंथरुणातच..."

आईंनी डावा हात पलंगाच्या दांडीवर आपटला. "नको." पुन्हा, "नको, नको."

मी जवळ जाऊन बसले. विचारलं, आजारी होता असं सांगू? हो. पक्षाघात म्हणू? थोडा वेळ गेला, मग हो. अंथरुणातलं? नको. बोलता येत नाही, हे? नको.

मी विचार करत होते तो माझ्या खरेपणाचा. पण ही सात वर्षं त्यांचीही आहेत. बारा वर्षं ज्यांनी शाळेत गणित शिकवलं, त्यांच्या देहाची वर्णनं मी अनोळखी माणसांच्या टेबलावर मांडणार होते, तीही स्वतःच्या नोकरीसाठी. खरं सांगायचं म्हणजे विचारलं त्याला खोटं उत्तर द्यायचं नाही. आजाऱ्याची सगळी फाइल उघडून दाखवायची असा त्याचा अर्थ होत नाही. कोणी खोदून विचारलंच तर "तो त्यांचा खाजगी भाग आहे" हेही खरंच उत्तर आहे.

उत्तरात आता "गंभीर आजार" एवढंच आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर "पक्षाघात". तिथे थांबायचं.

सोमवार, 17 नोव्हेंबर

गेल्या महिन्यात अर्ज केलेल्या दुसऱ्या एका ठिकाणचं बोलावणं आलं होतं. तारीख त्यांचीच. समोरच्या गृहस्थांनी बायोडेटा बघितला, "सात वर्षं?" म्हणाले, मी उत्तर दिलं, त्यांनी कागद उलटा ठेवला. मग पाच मिनिटं नाशिकच्या ट्रॅफिकवर बोलले. कळवतो म्हणाले.

खरं सांगून सगळीकडे दार उघडतंच असं नाही. काही ठिकाणी सात वर्षं हा आकडाच चाळणी असतो आणि त्यापुढे कुठलंही उत्तर चालत नाही. ते तिथेच कळलं हे बरं. घरी आले तर मावशीने आईंना व्हरांड्यात वॉकर धरून चालवलं होतं.

बुधवार, 19 नोव्हेंबर

एक प्रश्न येणारच : परत तसं झालं तर? त्याचं उत्तर मुलाखतीच्या खोलीत तयार होत नाही, घरात करावं लागतं. म्हणून रात्री हे, मी, आणि व्हिडिओ कॉलवर पुण्याचे धाकटे दीर आणि जाऊबाई, असे बसलो.

ब्युरोची मावशी सध्या दुपारपुरती येते. ती 1 डिसेंबरपासून सकाळी साडेआठ ते रात्री साडेआठ येईल. महिन्याला 17,000 रुपये. दीर त्यातले निम्मे देणार. मावशी आली नाही तर ब्युरो बदली पाठवतो, पण ती दुपारपर्यंत येते. तोवर हे घरून काम करतील, त्यांच्या ऑफिसात आठवड्यातून दोन दिवस तशी मुभा आहे आणि बाकीच्या दिवशी सुट्टी घेतील. हॉस्पिटलात दाखल करायची वेळ आली तर पहिला आठवडा दीर येऊन राहतील. फिजिओथेरपी संध्याकाळी सातला सरकवली.

2018 मध्ये असं बसणं झालं नव्हतं. माझा पगार ह्यांच्यापेक्षा कमी होता, मावशी तेव्हा आईंना चालत नव्हती, आणि नोकरी मी सोडायची हे कोणी न म्हणताच ठरलं. आज मात्र प्रत्येकाने आपला वाटा तोंडाने सांगितला आणि मी तो वहीत लिहून घेतला. "परत असं होणार नाही" असं मी मुलाखतीत म्हणणार नाही, कारण ते कोणालाच माहीत नाही. पुढे काही झालं तर कोण काय करेल, ते मात्र मला आता ठाऊक आहे आणि तेच मी सांगणार आहे.

मंगळवार, 25 नोव्हेंबर

अंबडला मुलाखत झाली. अकाउंट्सचे प्रमुख आणि एचआरच्या एक तरुण मॅडम. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

पहिला प्रश्न तोच. मी ती पाच वाक्यं म्हटली. सरांनी लगेच विचारलं, "2बी म्हणजे नेमकं काय करता?" मी सांगितलं आणि त्यांनी छापील कागद पुढे केला. एका बाजूला खरेदीची बिलं, दुसऱ्या बाजूला 2बी. "बघा आणि सांगा."

एक बिल आपल्याकडे होतं, 1 लाखाचा माल आणि 18,000 रुपये कर. 2बी मध्ये नव्हतं. मी म्हटलं, ही वजावट या महिन्यात घेता येणार नाही. पुरवठादाराला कळवायचं, त्याने चढवलं की ज्या महिन्याच्या 2बी मध्ये येईल त्या महिन्यात घ्यायची. दुसरं बिल दोन्हीकडे होतं पण क्रमांक जुळत नव्हता. आपण PK/0412 लिहिलं होतं, त्यांनी नुसतं 412. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, तारीख आणि रक्कम एक आहे म्हणून ते एकच बिल. मग त्यांनी तोंडी विचारलं : "10 सप्टेंबरला 12 टक्क्यांनी विकलेले बॉक्स ऑक्टोबरमध्ये परत आले. आता दर 5 टक्के आहे. क्रेडिट नोट किती टक्क्यांनी?" मूळ बिलाच्याच, म्हणजे 12 टक्क्यांनी, मी म्हटलं. सरांनी मान हलवली.

"ई-इन्व्हॉइस?" वहीतली मधली रेघ आठवली. "सीए ऑफिसात एका अशिलासाठी केली आहे, सरांच्या देखरेखीखाली. चोवीस तासांनंतर पोर्टलवर रद्द करता येत नाही, क्रेडिट नोट काढावी लागते, इथपर्यंत माहीत आहे. स्वतंत्रपणे सांभाळलेली नाही." "आणि ऑडिट?" "2018 पर्यंत मी बघत होते. त्यानंतर नाही. पहिल्या वर्षी मला त्यात मदत लागेल."

मग एचआरच्या मॅडमनी विचारलं, "घरात दुसरं कोणी नव्हतं का? तुम्हालाच का सोडावी लागली?" हा प्रश्न मला आवडला नाही. तरी शांतपणे म्हटलं, "तेव्हा आम्ही घरात तसं ठरवलं. आता व्यवस्था वेगळी आहे, ती सांगू का?" आणि बुधवारी वहीत लिहिलेलं सांगितलं. मावशीची वेळ, ती न आल्यास पहिल्या दिवशी कोण, हॉस्पिटल झालं तर कोण. सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही सुट्टीच घेणार नाही?" "घेईन, सर. सगळ्यांच्या घरी कधीतरी आजारपण येतं. पण 11 आणि 20 तारखेचं काम माझ्यामुळे अडणार नाही, तेवढी सोय घरात केलेली आहे."

आजार कोणता, ते कोणीच विचारलं नाही.

पगाराचा विषय शेवटी निघाला. 2018 मधला माझा शेवटचा पगार 34,000. तो विचारला तेव्हा पावतीच दाखवली. त्यांनी 30,000 म्हटले. मी म्हटलं, सात वर्षांच्या खंडामुळे पहिले सहा महिने हे मान्य आहे. त्यानंतर काम बघून 36,000 चा विचार व्हावा आणि तसं नेमणूकपत्रात लिहून मिळावं. खंड आहे हे मी मान्य केलं. त्याची किंमत कायम मोजत राहायची हे मान्य केलं नाही.

शनिवार, 29 नोव्हेंबर

नेमणूकपत्र आलं. सहा महिने परिवीक्षा, 30,000, मग आढावा. 36,000 चा आकडा त्यांनी लिहिला नाही, फक्त "वेतनाचा फेरविचार" असे शब्द आहेत. ताईंशी बोलून मान्य केलं आणि आढाव्याचा महिना, जून 2026, तेवढा पत्रात घालून घेतला. सीए सरांना कळवलं. त्यांनी आनंदाने सोडलं. सोमवारी, 1 डिसेंबरला रुजू व्हायचं.

एचआरच्या मॅडमनी फोनवर सांगितलं की पीएफची नोंद त्यांनी पडताळली आणि ती बायोडेटाशी जुळली. ज्या दुसऱ्या उमेदवाराचा अनुभव माझ्यापेक्षा सलग होता, त्याच्या तारखा जुळल्या नाहीत.

आईंना पत्र वाचून दाखवलं. पगाराचा आकडा त्यांनी परत विचारला, "तीस?" मी हो म्हटलं. त्यांनी बोटांवर मावशीचे सतरा वजा केले आणि "तेरा" म्हणाल्या. निम्मे पुण्याचे भावजी देणार आहेत, हे मी सांगितल्यावर हिशेब दुरुस्त केला.

आमच्या जुन्या कंपनीतल्या दोघीजणी अशाच घरी आहेत, एक वडिलांसाठी, एक मुलासाठी. त्यांना आज हे लिहून पाठवलं : बायोडेटात ती वर्षं तारखेसकट लिहा आणि त्या काळात नोकरी नव्हती असंही लिहा. पीएफमधली सोडल्याची तारीख आजच बघा. का सोडलं ते एका वाक्यात, आता काय बदललं ते दोन वाक्यांत सांगा, आणि आजाऱ्याबद्दल काय सांगायचं ते आधी त्यालाच विचारा. मुलाखतीला जाण्याआधी घरातल्यांना एकत्र बसवा, कारण समोरच्याला तुमच्या भूतकाळाची फारशी चिंता नसते. सोमवारपासून तुम्ही येणार का, एवढंच त्याला हवं असतं, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्या घराने द्यायचं असतं.